मंगलाष्टकं चालू असताना कार्ड करप्ट झालं तर: लग्नाचा डेटा सांभाळण्याची आमची पद्धत

लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. गुरुजींना "जरा पुन्हा धरा, कार्ड अडकलं" असं सांगता येत नाही. त्यामुळे बिघडलेल्या कार्डातून फोटो परत कसे काढायचे, हा प्रश्न खरा तर दुसरा. पहिला प्रश्न असा, की कार्ड बिघडलं त्या क्षणापर्यंत प्रत्येक फोटो आणखी कुठे लिहिला गेला होता का? याचं उत्तर "हो" असेल तर उरलेला दिवस फक्त शिस्तीचा. "नाही" असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर काय देईल ते पदरात घ्यावं लागतं.

गिरगावातल्या एका लग्नाच्या आधाराने ही सगळी पद्धत सांगतो. मुख्य फोटोग्राफर होती आमची ताई. टीममध्ये सगळे तिला ताईच म्हणतात. मी सेकंड शूटर. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा, हॉल पहिल्या मजल्यावर, स्टेजवर पिवळे हॅलोजन आणि एका बाजूला मोठ्या खिडक्यांचा उजेड.

आदल्या रात्री: दुसऱ्या स्लॉटचं काम ठरवा

दोन स्लॉटचा कॅमेरा आहे म्हणजे बॅकअप आपोआप होतो, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. दुसऱ्या स्लॉटने काय करायचं हे मेनूत ठरवावं लागतं, आणि नव्या कॅमेऱ्यात बहुधा ते आपल्याला हवं तसं लावलेलं नसतं. पर्याय मुख्यतः तीन. पहिलं कार्ड भरलं की दुसऱ्यावर जायचं, तो `Overflow`. काही कॅमेऱ्यांत `Auto switch card`. तोच फोटो दोन्ही कार्डांवर लिहायचा, तो `Backup`. काही ठिकाणी `Rec. to multiple`, तर काही ठिकाणी `Simultaneous`. तिसऱ्या पर्यायात एका कार्डावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपेग जाते.

पहिला पर्याय लग्नासाठी नाहीच. त्यात प्रत्येक फोटो एकाच जागी असतो आणि दुसरं कार्ड म्हणजे नुसती वाढीव जागा. दोन्ही कार्डं सारख्या वेगाची असतील तर दोन्हीकडे रॉ लिहिणं सर्वांत उत्तम. मात्र दोन्हींवर एकदम लिहिताना कॅमेरा मंद कार्डाच्या वेगाने चालतो. एका स्लॉटमध्ये यूएचएस-२ आणि दुसऱ्यात जुनं यूएचएस-१ कार्ड असेल, तर अक्षतांच्या वर्षावात सलग शटर दाबल्यावर बफर भरतो आणि कॅमेरा ऐन वेळी थबकतो. ताईच्या त्या कॅमेऱ्याचा दुसरा स्लॉट मुळातच मंद होता, म्हणून ती रॉ पहिल्या कार्डावर आणि जेपेग दुसऱ्यावर घेत होती. ही जेपेग पूर्ण आकाराची आणि सर्वोत्तम दर्जाची होती. जागा वाचवण्यासाठी इथे लहान जेपेग ठेवू नका. पुढे काय झालं ते वाचल्यावर याचं कारण कळेल.

कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. त्याआधी त्या कार्डावरच्या जुन्या कामाच्या दोन प्रती तपासून झालेल्या असाव्यात. नवीन कार्ड बिल घेऊन विकत घ्या आणि पहिल्यांदा वापरण्याआधी विंडोजवर `H2testw` किंवा मॅक आणि लिनक्सवर `F3` चालवा. ही साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतात. बाजारात अशी बनावट कार्डं असतात की जी १२८ जीबी दाखवतात, पण आत जागा त्याहून बरीच कमी असते. ती भरेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि नंतरचे फोटो कुठेच राहत नाहीत. ही चाचणी हॉलवर करता येत नाही, घरीच करावी लागते.

याच रात्री आणखी दोन कामं उरकून घ्या. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एका मोबाइलला लावून जुळवा. आणि प्रत्येक बॉडीच्या फाइलनावाची पहिली अक्षरं मेनूतून वेगळी ठेवा. ती सारखीच राहिली तर ताईची आणि माझी एकाच नंबरची फाइल एका फोल्डरमध्ये येते आणि एक दुसरीला खाऊन टाकते. कार्ड न बिघडताच डेटा जाण्याचा हा सर्रास आढळणारा प्रकार आहे.

कार्ड भरायची वाट पाहू नका

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ सुमारे २८ एमबीची धरली तर ६४ जीबीच्या कार्डावर साधारण २,२०० फोटो बसतात. म्हणजे सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत एकच कार्ड पुरतं. पुरतं म्हणून तेच ठेवायचं, हे मला पटत नाही. आम्ही कार्डं विधीप्रमाणे बदलतो. गौरीहर पूजन झालं, मामा नवरीला आणायला निघाले, की दोन्ही स्लॉटमधली कार्डं काढून नवी जोडी घालतो, जुनी अर्धी रिकामी असली तरी. याने दोन गोष्टी साधतात. बिघाड झालाच तर त्याची झळ एका विधीपुरती राहते. आणि मंगलाष्टकं चालू असताना कार्ड भरल्याचा इशारा येत नाही.

कार्ड बदलण्यातही धोका आहे, तो लपवत नाही. घाईत वापरलेलं कार्डच परत आत जातं आणि फॉरमॅट होतं. म्हणून पाकिटात नवं कार्ड नाव वर ठेवून आणि वापरलेलं उलटं घालायचं, हा नियम कोणीही मोडायचा नाही. एसडी कार्डाच्या कडेची लॉकची पट्टीही कार्ड काढताक्षणी खाली सरकवायची. मग ते चुकून आत गेलं तरी कॅमेरा त्यावर लिहीत नाही.

त्या दिवशी ताईने नवी जोडी घातली तेव्हा साडेअकरा झाले होते. खिडकीकडचा उजेड आणि हॅलोजन मिळून नवरीच्या चेहऱ्यावर काय रंग येतोय, हे बघून तिने व्हाइट बॅलन्स हाताने लावला. साडीची झळाळी उडू नये म्हणून एक्स्पोजर किंचित कमी ठेवलं.

बिघाडानंतरचं पहिलं मिनिट

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट सरकला, हार घातले गेले, अक्षतांचा वर्षाव चालू होता. आणि ताईचा शटर दाबला जाईना. स्क्रीनवर लाल खूण आणि पहिल्या स्लॉटचं कार्ड वाचता येत नसल्याचा संदेश. मी समोरच्या बाजूला होतो. तिने माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. आमच्यात याचा अर्थ "माझा कॅमेरा बंद, मुख्य कोन तू घे".

पहिल्या मिनिटात काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं आहे. कॅमेरा "फॉरमॅट करू का?" असं विचारत असेल तर काहीही दाबू नका. कार्ड काढून, फुंकर मारून परत घालण्याचा मोह टाळा. कधी कधी ते चालू होतं आणि मग माणूस त्याच कार्डावर पुढे शूट करत राहतो. नव्या फाइली जुन्यांच्या जागेवर लिहिल्या जाऊ शकतात आणि जे परत मिळालं असतं तेही जातं. एकदा दगा दिलेलं कार्ड त्या दिवसापुरतं संपलं.

ताईने खांद्यावरची दुसरी बॉडी उचलली. तिच्यावर ३५ एमएमची लेन्स होती, थोडी रुंद, पण अक्षतांसाठी चालण्यासारखी. ती थांबली नाही, म्हणून पाहुण्यांपैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरी बॉडी बॅगेत असून उपयोग नसतो. ती अंगावर, चालू स्थितीत, तिच्यातही दोन कार्डं घालून तयार असावी लागते.

गुरुजी कन्यादानाची मांडणी करू लागले तेव्हा मिनिटभराची उसंत मिळाली. त्या वेळात तिने केलं ते क्रमाने असं. आधी कॅमेरा बंद केला आणि कार्डावर लिहिणं चालू असल्याचा दिवा विझल्याची खात्री केली. मग बिघडलेलं कार्ड काढलं, लॉक सरकवलं, त्यावर लाल टेप लावली आणि ते वेगळ्या खिशात ठेवलं.

त्यानंतर तिने जे केलं ते बरेच जण विसरतात. दुसऱ्या स्लॉटमधलं चांगलं चालणारं कार्डही तिने काढलं. वरवर बघता त्याला काहीच झालेलं नव्हतं. पण पहिलं कार्ड गेल्यावर अंतरपाटाची तिच्या कोनातली एकमेव प्रत आता त्याच्यावर होती. तेच पुढच्या विधीसाठी वापरत राहणं म्हणजे एकुलता एक डेटा पणाला लावणं. तिने त्याचंही लॉक सरकवलं आणि ते माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे. पँटच्या आतल्या खिशात. पंगत होईपर्यंत काढायचं नाही." दोन्ही कार्डं एकाच माणसाकडे राहू नयेत, हा त्यामागचा विचार.

मग नवी जोडी, कॅमेरा चालू, एक चाचणी फोटो, आणि तो दोन्ही स्लॉटमधून उघडून बघणं. कार्ड बदलताना काही कॅमेरे एका स्लॉटवर लिहायला लागतात आणि तसेच राहतात. त्यामुळे ही खात्री सोडायची नाही. तुमच्या कॅमेऱ्यातून एक कार्ड काढल्यावर तो नेमका कसा वागतो, हे घरी एकदा करून बघा. प्रत्येक मॉडेलचं वागणं वेगळं असतं. बिघाड कार्डात नसून स्लॉटमध्येही असू शकतो. नव्या कार्डावरही तोच संदेश आला तर ती बॉडी बाजूला ठेवायची.

घरच्यांना सांगायचं का? लगेच नाही. काय गेलंय आणि काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसताना सांगून त्यांचा मुहूर्त कडू करण्यात अर्थ नाही. चित्र स्पष्ट झाल्यावर मात्र लपवायचं नाही.

पंगतीच्या वेळी: दोन प्रती आणि खरी तपासणी

पहिली पंगत बसली की पाऊण तास मिळतो. आम्ही लॅपटॉप नवरीच्या खोलीत लावत नाही. तिथे दागिने, साड्या, दहा माणसांची ये-जा असते आणि कोणीतरी प्लग काढून मोबाइल लावतं. हॉलच्या ऑफिसातलं एखादं टेबल मागून घ्यावं.

त्या दिवशी सर्वांत आधी उतरवलं ते माझ्या खिशातलं कार्ड. कारण बाकी सगळ्या डेटाच्या दोन प्रती होत्या, याची एकच. नियम तोच: ज्याच्या प्रती कमी, त्याचा नंबर आधी. ते एका एसएसडीवर कॉपी केलं आणि मग पुन्हा कार्डावरूनच दुसऱ्या एसएसडीवर. पहिल्या एसएसडीवरून दुसऱ्यावर कॉपी केलं तर पहिल्या कॉपीत झालेली चूक दुसरीतही उतरते.

कॉपी झाल्याचा संदेश म्हणजे तपासणी नव्हे. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवणं ही पहिली पायरी. त्यापुढे, एसएसडी एकदा इजेक्ट करून परत जोडायची आणि प्रत्येक फाइल आतून सारखी आहे का हे पडताळायचं. विंडोजवर `TeraCopy` मध्ये पडताळणीचा पर्याय आहे. मॅक किंवा लिनक्सवर ही ओळ पुरते, फक्त मार्ग तुमचे घाला:

```
rsync -rcn --itemize-changes /Volumes/CARD_A/DCIM/ /Volumes/SSD_1/CARD_A/
```

ही आज्ञा काहीही कॉपी करत नाही, फक्त तुलना करते. काहीच छापलं नाही तर दोन्हीकडचं सारखं. एखाद्या फाइलचं नाव आलं तर ती परत कॉपी करायची.

आणि शेवटी डोळ्यांनी बघायचं. इथे एक फसगत होते. रॉ फाइलच्या आत एक छोटं जेपेग असतं आणि लॅपटॉप आधी तेच दाखवतो. मूळ रॉ अर्धी तुटलेली असली तरी थंबनेल मात्र छान दिसतं. म्हणून प्रत्येक विधीतले दोन-चार फोटो पूर्ण आकारात उघडून वरपासून खालपर्यंत सरकवून बघा. त्या दिवशी ताईने अंतरपाट सरकतानाचा फोटो असा उघडला. नवरीची नजर वर येतेय, एक अक्षता तिच्या मुंडावळ्यांवर अडकलीय, आणि खालच्या कोपऱ्यापर्यंत चित्र अखंड होतं. जेपेगमध्ये अंतरपाटाचा सगळा क्रम होता.

ती लगेच जाऊन नवरीच्या काकांशी बोलली, कारण आमचा व्यवहार त्यांच्याशी होता. "काका, एक कार्ड बिघडलंय. अंतरपाटाचे फोटो दुसऱ्या कार्डावर आहेत, मी उघडून बघितलेत. अल्बमला काही अडचण नाही. बिघडलेल्यातून आणखी काय मिळतं ते आठवड्याभरात सांगते." काकांनी एकच विचारलं, "हार घालतानाचे आहेत ना?" ताईने लॅपटॉपवर दाखवले.

हॉलमधून निघताना

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी: हा ३-२-१ नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला. लग्नाच्या रात्री तो पाळायचा तर प्रत्येक माणसाने काय न्यायचं हे ठरवून निघायला हवं. ताई एक एसएसडी घेऊन बोरिवलीला, मी दुसरी घेऊन डोंबिवलीला, आणि मूळ कार्डं पाकिटात, तिच्याच बॅगेत पण एसएसडीपासून वेगळ्या कप्प्यात. दोन्ही एसएसडी एकाच सॅकमध्ये घालून रात्रीच्या लोकलमध्ये रॅकवर ठेवल्या, तर दोन प्रती असून नसल्यासारख्याच.

क्लाउडवर त्याच रात्री सगळं टाकण्याचा हट्ट धरू नका. ३,००० रॉ म्हणजे ८४ जीबीच्या आसपास. २० एमबीपीएसच्या अपलोडला नऊ तासांहून जास्त लागतात. त्याऐवजी जेपेग असतील तर आधी त्या पाठवा. तितक्याच फोटोंच्या जेपेग २४ जीबी धरल्या तर पावणेतीन तासांच्या आत काम होतं. त्यातही अंतरपाट, मंगळसूत्र आणि सप्तपदीचे फोल्डर पहिले.

बिघडलेलं कार्ड: घाई नको

ते कार्ड दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर हातात घेतलं. कार्डावर एक तक्ता असतो आणि कोणता फोटो कुठे सुरू होतो याची नोंद त्यात असते. अनेकदा बिघडतो तो हा तक्ता. फोटो जागेवरच असतात. म्हणून कार्ड रीडरमध्ये घातल्यावर विंडोजने `You need to format the disk` म्हटलं तर `Cancel`, आणि मॅकने वाचता येत नाही म्हटलं तर `Eject`. दुरुस्तीची साधनं थेट कार्डावर चालवू नका, ती तक्त्यात बदल करतात.

आधी कार्डाची हुबेहूब प्रतिमा घ्यायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर. लिनक्सवर `lsblk` ने कार्डाचं नाव नीट ओळखून, ज्या डिस्कवर पुरेशी जागा आहे तिथून:

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdX card.img card.map
photorec card.img
```

`sdX` च्या जागी चुकीचं नाव घातलं तर भलत्याच डिस्कची प्रतिमा बनेल, म्हणून कार्डाचा आकार बघून खात्री करा. `ddrescue` वाचता येणारा भाग आधी घेतो आणि अडलेल्या जागी तीनदा परत प्रयत्न करतो. `photorec` तक्त्याकडे न बघता फोटोंच्या सुरुवातीच्या खुणा शोधून फाइली बाहेर काढतो. त्यामुळे मूळ नावं जातात आणि फोटो कॅमेऱ्यातल्या वेळेवरून लावावे लागतात. आदल्या रात्री जुळवलेली घड्याळं इथे उपयोगी पडतात.

ताईच्या कार्डातून मंगलाष्टकांच्या बहुतेक रॉ मिळाल्या. हार घालतानाच्या काही रॉ अर्ध्यावर करड्या झाल्या होत्या, आणि शेवटच्या काही मिळाल्याच नाहीत. त्यांच्या जागी जेपेग वापरल्या. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. त्यामुळे जेपेगमध्ये नंतर रंग ओढाताण करून सुधारता येत नाहीत, गालांवर पट्टे दिसू लागतात. इथे तशी वेळच आली नाही, कारण रंग आणि एक्स्पोजर जागेवरच नीट लावलेले होते. ऑटो व्हाइट बॅलन्सवर हॅलोजनच्या पिवळ्यात घेतलेली जेपेग असती तर अल्बमच्या मुख्य पानाला ती पुरली नसती. दुसऱ्या कार्डावर जेपेग घेणाऱ्याने रॉ आहेच म्हणून सैल शूट करायचं नाही, ते यासाठी.

कार्ड रीडरमध्ये दिसतच नसेल, त्याचा आकार शून्य येत असेल, किंवा ते हाताला गरम लागत असेल, तर बिघाड तक्त्याचा नसून आतल्या कंट्रोलरचा असण्याची शक्यता मोठी. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर चालत नाही. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. त्या कामाला खर्च येतो आणि खात्री कोणी देत नाही, म्हणून आपल्याकडे दुसऱ्या कार्डावर काय आहे हे आधी पूर्ण तपासून मगच तो खर्च करायचा की नाही ते ठरवा.

व्हिडिओचं एक वेगळं सांगायला हवं. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी व्हिडिओ लिहिण्याची सोय सगळ्या कॅमेऱ्यांत नसते. फोटोंसाठी `Backup` लावला म्हणून व्हिडिओही दोन ठिकाणी जातोय असं समजू नका. मेनूत व्हिडिओचा पर्याय वेगळा शोधा. नसेल तर मंगलाष्टकांसाठी ट्रायपॉडवर दुसरा कॅमेरा कायम चालू ठेवा. व्हिडिओची फाइल लांब आणि अनेकदा तुकड्यांत लिहिलेली असते, म्हणून `photorec` कडून ती सलग परत मिळण्याची आशा फोटोंपेक्षा बरीच कमी.

लग्नाची कार्डं आम्ही अल्बम मंजूर होऊन घरी पोहोचेपर्यंत फॉरमॅट करत नाही. सीझनमध्ये सलग मुहूर्त असतात, तेव्हा याचा अर्थ कार्डांचा आणखी एक संच विकत घ्यावा लागतो. तो घ्याच. आणि लाल टेप लावलेलं कार्ड, फॉरमॅट केल्यावर कितीही नीट चाललं तरी, परत कामावर न्यायचं नाही. ताईने ते काम पूर्ण झाल्यावर कात्रीने कापून टाकलं, म्हणजे ते चुकूनही पाकिटात परत येणार नाही.